रिमोटवर कॉम्प्युटर दुरुस्त करून घेताय? सेशनच्या आधी, सेशन चालू असताना आणि नंतर काय करायचं

पावसाळ्यात गोव्यात घरोघरी एक तक्रार ठरलेली. लाईट गेली, आली, परत गेली आणि मग प्रिंटर ऑफलाईन. आमच्या मांद्र्याच्या होमस्टेत पण हेच झालं, लॅपटॉप चालू, वायफाय चालू, प्रिंटरचा हिरवा दिवा चालू आणि प्रिंट मात्र रांगेत अडकून बसलेली. म्हापशाचा टेक्निशियन म्हणाला, एवढ्यासाठी पावसातून येत नाही, रिमोटवर करून देतो, म्हणजे स्वतःच्या जागेवरून इंटरनेटने आपला लॅपटॉप चालवून. हल्ली बहुतेक जण असंच म्हणतात आणि ते ठीकच आहे, पण रिमोट म्हणजे नेमकं काय देतोय हे आपल्याला कोण सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. उदाहरण आमच्या प्रिंटरचं आहे, विंडोज लॅपटॉप आणि एनीडेस्क हे रिमोटचं सॉफ्टवेअर धरून, पण तुमचं काम दुसरं असलं तरी क्रम हाच ठेवा.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. सेशन चालू असताना तो काय करतो ते बहुतेक सगळं तुम्हाला स्क्रीनवर दिसतं, त्यामुळे ती भीती कमी. खरा प्रश्न सेशन संपल्यानंतर तो तुम्हाला न विचारता परत येऊ शकतो का, हा आहे. खालच्या बऱ्याच पायऱ्या त्याच एका प्रश्नासाठी आहेत.

१. फोन तुम्ही केलेला असावा

टेक्निशियन ओळखीतून घ्या, शेजारच्या हॉटेलवाल्याला, मुलाच्या शाळेतल्या ऑफिसला विचारा, जिथून लॅपटॉप घेतला त्या दुकानात विचारा. गूगलवर प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर असं टाकून जो पहिला नंबर येतो तो लावू नका, तिथे खोटे नंबर भरपूर असतात. नंबर हवाच असेल तर प्रिंटरच्या खोक्यावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा घ्या. आणि स्क्रीनवर लाल खिडकी येऊन "तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा" असं दिसलं तर तो फसवणुकीचाच नंबर, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ती खिडकी बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, विषय संपला.

पैशाचं पण फोनवरच ठरवून घ्या, तासाचे की कामाचे, आणि काम झालं नाही तर किती. आमच्याकडे ठरलं ते असं, टेस्ट पेज कागदावर आलं की पैसे. प्रिंटरच्या कामात हे सोपं पडतं, कागद खोटं बोलत नाही.

२. हाताशी काय काय हवं

- लॅपटॉपचा चार्जर, लावलेला. सेशनच्या मधे बॅटरी संपली की अर्धवट बदल राहून जातात.
- वेगळा फोन, बोलायला. त्याच लॅपटॉपवरून कॉल करू नका, सेशन तोडायची वेळ आली तर बोलणंही तुटतं.
- प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, खालच्या किंवा मागच्या स्टिकरवरून. "तो काळा कॅननचा" यावर ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, सापडत नाही.
- एररचा फोटो. शब्द जसेच्या तसे लागतात.
- विंडोजचा अ‍ॅडमिन पासवर्ड किंवा पिन. तो तुम्ही टाईप करायचा, सांगायचा नाही.
- राऊटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो, तुमच्या फोनमध्ये, त्याला पाठवायचा नाही.
- बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, त्याची रिकव्हरी की, म्हणजे ४८ आकडी नंबर. नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली असू शकते आणि आपल्याला पत्ता नसतो. प्रिंटरच्या कामात सहसा लागत नाही, पण टेक्निशियनने बायॉसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सेटिंगला, हात लावला तर पुढच्या वेळी लॅपटॉप चालू होतानाच ती मागू शकतो. `aka.ms/myrecoverykey` वर आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की दिसते, वहीत लिहून ठेवा.

बॅकअप म्हणून मोबाईल हॉटस्पॉट ठेवा असं सगळे सांगतात. बाकीच्या कामांना ठीक आहे पण प्रिंटरच्या कामात तो उपयोगाचा नाही, कारण लॅपटॉप हॉटस्पॉटवर गेला की घरच्या वायफायवर असलेला प्रिंटर त्याला दिसायचाच बंद होतो. टेक्निशियन तिकडे अर्धा तास ड्रायव्हर बदलत बसतो आणि चूक नेटवर्कची असते. त्यापेक्षा राऊटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट टिकेल अशी वेळ बघून सेशन ठेवा.

३. सेशनच्या आधी लॅपटॉप आवरून घ्या

होमस्टेवाल्यांनी हे नीट वाचा. परदेशी पाहुण्यांचा सी-फॉर्म भरायचा म्हणून पासपोर्ट, व्हिसाचे स्कॅन आपल्या डेस्कटॉपवर पडलेले असतात, एका क्लिकवर उघडतील असे. दुसऱ्याचे कागद आहेत ते. सगळं पेनड्राईव्हवर घ्या, पेनड्राईव्हवर उघडतंय ना बघा, मग लॅपटॉपवरून काढा, रिसायकल बिन रिकामा करा आणि पेनड्राईव्ह ओढून बाहेर ठेवा. लावलेला पेनड्राईव्ह म्हणजे त्याला दिसणारा पेनड्राईव्ह. हिशेबाच्या फाईलींची पण एक कॉपी त्यातच घ्या, म्हणजे काही बिघडलं तरी चतुर्थीच्या बुकिंगचा गोंधळ होणार नाही.

मग ब्राउझर पूर्ण बंद, व्हॉट्सअ‍ॅप वेब लॉगआऊट, मेल बंद. प्रिंटर दुरुस्त करायला यातलं काहीच उघडं लागत नाही. त्याने ब्राउझर उघडायला सांगितला तर का ते विचारा, कंपनीच्या साईटवरून ड्रायव्हर घ्यायचा असेल तर ठीक, गेस्ट विंडो उघडून द्या, त्यात तुमची बँक आणि जीमेल लॉगिन नसतात.

४. कुठल्या सॉफ्टवेअरने जोडायचं

निवड तुमच्या हातात असेल तर विंडोजमध्येच असलेलं क्विक असिस्ट सांगा. कंट्रोल, विंडोज आणि Q एकत्र दाबलं की उघडतं. यात कोड टेक्निशियन देतो, तुम्ही टाकता, तो कोड थोड्या वेळातच मरतो. स्क्रीन दाखवायला तुमची परवानगी लागते, माऊस द्यायला परत वेगळी लागते. आणि मुख्य म्हणजे यात तुमच्या गैरहजेरीत परत यायची सोयच नाही. टेक्निशियन लोकांना ते आवडत नाही, त्यांना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करावं लागतं आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला की सगळं पहिल्यापासून. आमचा म्हणाला, "एनीडेस्कच घ्या हो, सोपं पडतं." घेतलं, त्यात वाईट काही नाही, फक्त ते `anydesk.com` वरूनच डाऊनलोड करा, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाईल चालवू नका.

एनीडेस्क इन्स्टॉल न करता, नुसती डाऊनलोड केलेली फाईल उघडून पण चालतं. मी सुरुवात तशीच करायला सांगेन. अडचण एकच, विंडोज जेव्हा "बदल करू देऊ का?" असं विचारतं, ती खिडकी तशा सेशनमध्ये त्याला दिसत नाही. ती तुम्ही वाचायची, प्रोग्रॅमचं नाव बघायचं आणि Yes दाबायचं. तो म्हणेल इन्स्टॉल करा म्हणजे त्रास नाही. त्रास त्याचा वाचतो, आणि प्रोग्रॅम मात्र तुमच्या लॅपटॉपवर कायमचा बसतो, विंडोज चालू झालं की तो पण चालू.

५. Accept दाबायच्या आधी

एनीडेस्क उघडलं की तुमचा नऊ किंवा दहा आकडी नंबर दिसतो, तो त्याला सांगायचा. मग तुमच्याकडे खिडकी येते, त्यात त्याचा नंबर आणि परवानग्यांची यादी. सगळे घाईत Accept दाबतात. थांबा आणि बघा. माऊस आणि कीबोर्ड द्यावाच लागेल. क्लिपबोर्ड बंद करता आला तर करा, कारण तो चालू असताना तुम्ही इथे जे कॉपी कराल ते त्याच्या कॉम्प्युटरवर पेस्ट होऊ शकतं. फाईल ट्रान्सफर लागेल तेव्हाच. तुमचा माऊस-कीबोर्ड लॉक करायची आणि तुमची स्क्रीन काळी करायची परवानगी पण तिथे असते, ती बंदच. प्रिंटर नीट करायला स्क्रीन काळी करायचं काय कारण?

आणि सेशन चालू असताना फोन त्याच्याशी, डोळे स्क्रीनवर. "तुम्ही चहा करून या" म्हणाला तरी उठायचं नाही. आमची वहिनी तर त्याला सरळ म्हणाली, "दादा, चहा नंतर, तुम्ही आता काय उघडलंत ते सांगा." आणि तो सांगत गेला. चांगल्या टेक्निशियनला विचारलेलं खुपत नाही.

६. खरं काम कसं दिसतं: आमचा प्रिंटर

हे जरा सविस्तर सांगतो, म्हणजे समोरचा माणूस काम करतोय की वेळ काढतोय ते तुम्हाला कळेल.

त्याने आधी अडकलेली रांग साफ केली. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत हे टाईप केलं:

```
net stop spooler
del /Q /F %systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*
net start spooler
```

पहिली ओळ प्रिंटची सेवा थांबवते, दुसरी अडकलेल्या प्रिंटच्या तात्पुरत्या फाईली पुसते, तिसरी सेवा परत चालू करते. तुमचे डॉक्युमेंट यात जात नाहीत, घाबरू नका, फक्त रांगेतल्या प्रिंट परत द्याव्या लागतात. पण `del` असलेली कुठलीही ओळ दिसली की एंटरच्या आधी कुठलं फोल्डर ते विचारायचं, हे लक्षात ठेवा.

रांग रिकामी झाली, प्रिंटर तरी ऑफलाईन. मग त्याने प्रिंटरच्याच बटणांवरून नेटवर्कची माहिती छापायला सांगितली. त्या कागदावर प्रिंटरचा पत्ता होता 192.168.1.11. आणि लॅपटॉपमध्ये प्रिंटरच्या Ports या टॅबवर लिहिलेलं 192.168.1.7. कारण इथेच सापडलं. लाईट गेली की राऊटर बंद, आली की राऊटर सगळ्यांना नवे पत्ते वाटतो, प्रिंटरला दुसरा मिळतो आणि लॅपटॉप जुन्याच दारावर टकटक करत राहतो. खात्री करायला:

```
ping 192.168.1.11
```

उत्तर आलं म्हणजे प्रिंटर जिवंत आहे आणि नेटवर्कवर आहे. त्याने नवा पोर्ट या पत्त्याचा बनवला, टेस्ट पेज आलं.

बरेच टेक्निशियन इथे थांबतात आणि पुढच्या लाईटीला परत तीच बोंब. पक्कं काम म्हणजे राऊटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवणं, मग राऊटर कितीदा बंद पडला तरी प्रिंटरला तोच पत्ता मिळतो. त्यासाठी राऊटरचं पान उघडावं लागतं, तिथला पासवर्ड तुम्ही टाईप करा आणि ब्राउझरने सेव्ह करू का विचारलं तर नाही. आपल्याकडे खूप ठिकाणी फायबरचं कनेक्शन गावच्या केबलवाल्याचं असतं आणि राऊटरचा पासवर्ड त्याच्याकडेच असतो, अशा वेळी त्यालाच फोन करून पत्ता राखून घ्या. टेक्निशियनने राऊटर रिसेट करू म्हटलं तर नको म्हणा. रिसेट केला की इंटरनेटची सेटिंगही उडू शकते, मग सेशन तुटलेलं, नेट गेलेलं आणि केबलवाला फोन उचलत नाही.

७. लगेच सेशन तोडायच्या खुणा

प्रिंटरच्या कामात तो इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची यादी दाखवायला लागला, "बघा किती व्हायरस", तर तिथेच थांबा. त्या खुणा चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये पण असतात. बँकेची साईट उघडायला सांगितली, ओटीपी मागितला, "जास्त पैसे आले, रिफंड करतो, यूपीआय पिन टाका" म्हणाला, तर तसंच. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. एनीडेस्क मोबाईलवर टाकायला लावणारे तर वेगळेच, तिथे ओटीपी येतो तोच फोन त्याच्या डोळ्यांसमोर. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच यावर इशारा दिला होता.

अजून एक आपल्याकडचा सापळा, आणि तो गोड आवाजात येतो. "मॅडम, ऑफिस एक्स्पायर झालंय, फ्रीमध्ये टाकून देऊ?" हे टाकताना तो आधी विंडोजचा अँटीव्हायरस बंद करतो, नाहीतर एखादं फोल्डर तपासणीतून वगळतो, कारण चोरीचं ऑफिस चालवणारी क्रॅकची फाईल पकडली जाते. फुकटचं ऑफिस राहिलं बाजूला, ते वगळलेलं फोल्डर तसंच उघडं राहतं. नको म्हणा.

तोडायचं कसं? खिडकी लहान करून काही होत नाही. एनीडेस्कमध्ये Disconnect, ते सापडलं नाही तर वायफाय बंद, माऊस हातात नसेल तर राऊटरचा स्विच बंद. आधी तोडा, कारण नंतर द्या.

८. मधेच लाईट गेली तर

ही पायरी मुद्दाम वेगळी ठेवली. राऊटर बंद पडला की सेशन तुटतं, लाईट आल्यावर तो परत जोडतो. आता बघायचं, तुमच्याकडे Accept ची खिडकी आली का? आली तर सगळं ठीक. न येता तो सरळ आत आला, तर त्याने तुमच्या एनीडेस्कमध्ये पासवर्ड लावून ठेवलाय, म्हणजे तुम्ही नसताना यायची सोय करून घेतलीय. दर वेळी वाईट हेतूच असतो असं नाही, काही जण सोय म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांकडे तसं करतात. पण न विचारता केलं तर मी त्याला परत बोलावणार नाही. त्याच वेळी विचारा आणि काढून टाकायला लावा.

९. संपल्यावर, पैसे द्यायच्या आधी

पहिली परीक्षा राऊटरची. स्विच बंद करा, प्रिंटर पण बंद करा, जरा वेळाने दोन्ही चालू करा आणि परत प्रिंट द्या. म्हणजे लाईट जाऊन आल्याचं नाटक. पत्ता नीट राखला असेल तर कागद येतो. नाही आला तर काम अर्धं आहे, आणि हे तो फोनवर असतानाच कळलेलं बरं.

दुसरं, त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहून घ्या, काय बदललं, कुठला पत्ता लावला, काय इन्स्टॉल केलं. पुढच्या वेळी दुसरा माणूस आला तरी शून्यापासून सुरुवात होत नाही. पैसे फोनवरून द्या, त्या लॅपटॉपवरून नको.

१०. आणि मग दार बंद करा

एनीडेस्क इन्स्टॉल करून घेतलं असेल तर उडवायच्या आधी त्याची नोंद बघा, नाहीतर उडवताना ती पण जाऊ शकते. विंडोज आणि R दाबून हे टाका:

```
notepad %programdata%\AnyDesk\connection_trace.txt
```

फाईल सापडली नाही तर `%programdata%` च्या जागी `%appdata%` टाकून बघा, इन्स्टॉल न करता चालवलं असेल तर ती तिथे असते. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि समोरच्याचा नंबर दिसतो. User लिहिलेलं असेल तर तुम्ही Accept दाबून आत घेतलंय. Passwd किंवा Token असेल तर तुम्हाला न विचारता आत आलाय. रात्रीची वेळ आणि Passwd असं काही दिसलं तर त्या फाईलीचा फोटो काढा.

मग एनीडेस्क उडवा, Settings मध्ये Apps, तिथे Installed apps. यादी इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा म्हणजे आज अजून काय काय टाकलंय ते वरच दिसेल. दुसरंही एखादं रिमोट सॉफ्टवेअर हळूच टाकलेलं असू शकतं, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर असलं, तेही काढा. नुसती डाऊनलोड केलेली फाईल असेल तर ती पुसा.

अँटीव्हायरसकडे एक नजर टाका. Windows Security उघडून Virus & threat protection, तिथे Manage settings, खाली Exclusions. तुम्ही स्वतः काही घातलेलं नसेल तर ती यादी रिकामी असायला हवी. मग नवं अ‍ॅडमिन अकाउंट बनलंय का बघायला त्याच काळ्या खिडकीत:

```
net localgroup administrators
```

यात Administrator हे नाव असतंच, आणि तुमचं. तिसरं अनोळखी नाव असेल तर टेक्निशियनला विचारा आणि काढा.

राऊटरचा पासवर्ड त्याच्या समोर टाईप केला होता, तो बदला. विंडोजचा पिन पण. बँकेचा किंवा मेलचा एखादा पासवर्ड सेशनमध्ये उघडा पडला असं वाटलं तर तो दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच लॅपटॉपवरून नको. पासपोर्टचे स्कॅन लॅपटॉपवर परत टाकायची घाई करू नका, खरं तर सी-फॉर्म भरून झाला की ते डेस्कटॉपवर राहायचं कारणच नाही.

आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन आणि बँकेला फोन, मग `cybercrime.gov.in` वर तक्रार. पहिले काही तास महत्त्वाचे, पैसे पुढच्या खात्यात अडकलेले असले तर थांबवता येतात. लॅपटॉपचं नेट बंद ठेवा पण फॉरमॅट करू नका, एनीडेस्कही तेव्हा उडवू नका, ती वरची नोंदीची फाईल पोलिसांना लागेल.